व्हीवॅप: दिवसाच्या वाजवी भावाची रेषा नवख्याने कशी वाचावी आणि तिच्याजवळ व्यवहार कसा आखावा

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीत कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याला गावात सगळे विचारतात, "आज भाव काय मिळाला?" आणि तो बहुधा आपल्या सर्वांत चांगल्या वक्कलाचा दर सांगतो. समजा त्याने 40 क्विंटल कांदा आणला होता. त्यातला 4 क्विंटल निवडक माल 3,000 रुपयांनी गेला, 12 क्विंटल 2,200 रुपयांनी आणि उरलेला 24 क्विंटल 1,500 रुपयांनी. तिन्ही दरांची साधी सरासरी काढली तर 2,233 रुपये येते. पण अडत्याने दिलेल्या पट्टीवर एकूण रक्कम 74,400 रुपये आहे, आणि तिला 40 ने भागले की क्विंटलमागे फक्त 1,860 रुपये पडतात. त्याला खऱ्या अर्थाने मिळालेला दर हाच आहे, कारण ज्या दराने जास्त माल गेला त्या दराला हिशेबात जास्त वजन मिळाले आहे.

शेअर बाजारात याच हिशेबाला उलाढाल-भारित सरासरी भाव म्हणतात. चार्टवर त्याचे नाव `VWAP` असे दिसते आणि बोलताना सगळे त्याला व्हीवॅप म्हणतात. सकाळी 9:15 ला बाजार उघडल्यापासून आत्ताच्या क्षणापर्यंत त्या शेअरमध्ये झालेल्या सर्व व्यवहारांची एकूण रक्कम घ्यावी आणि तिला एकूण विकल्या गेलेल्या शेअरच्या संख्येने भागावे, एवढीच त्याची व्याख्या आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी कोरी होते आणि हिशेब नव्याने सुरू होतो. या लेखात मी एकाच गोष्टीवर लक्ष ठेवणार आहे: भाव वर जाऊन पुन्हा या रेषेपर्यंत परत येतो तेव्हा खरेदीचा विचार केव्हा करावा, केव्हा करू नये आणि त्या व्यवहाराचा हिशेब खर्चासह कसा मांडावा. मंदीच्या बाजूचा, म्हणजे आधी विकून नंतर घेण्याचा व्यवहार याचीच उलटी प्रतिमा आहे, म्हणून त्याची वेगळी मांडणी करत नाही.

रेषा काय सांगते आणि काय सांगत नाही

आमच्या शेजारच्या, चादरीच्या व्यवसायातल्या घरातला एक मुलगा संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे बसतो. त्याने पहिल्याच दिवशी विचारले होते, "काका, भाव रेषेखाली गेला म्हणजे माल स्वस्त मिळाला ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवखा विचारतो, आणि त्याचे उत्तर नीट कळले नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या व्यर्थ आहेत.

व्हीवॅपला "वाजवी भावाची रेषा" म्हणतात खरे, पण इथे वाजवी या शब्दाचा अर्थ फार मर्यादित आहे. कंपनीची खरी किंमत किती, तिचा नफा वाढेल की नाही, यांच्याशी या रेषेचा काही संबंध नाही. आज या शेअरमध्ये ज्यांनी पैसे घातले त्यांना तो सरासरी कितीला पडला, एवढेच ती सांगते. भाव रेषेच्या वर असेल तर आज खरेदी केलेले लोक सरासरीने फायद्यात आहेत आणि आज विकलेल्यांना सरासरीने कमी भाव मिळाला आहे. रेषेच्या खाली असेल तर उलट. त्यातही एक सूक्ष्म मर्यादा आहे: सकाळी घेतलेल्यांपैकी बरेच जण एव्हाना बाहेर पडलेले असतात, त्यामुळे "सध्या शेअर धरून बसलेल्यांचा सरासरी भाव" असा तिचा अर्थ काटेकोरपणे घेता येत नाही.

मोठ्या संस्था या आकड्याकडे का पाहतात, हेही समजून घ्यावे. 1988 मध्ये बर्कोविट्झ, लॉग आणि नोझर या तिघांनी न्यूयॉर्क शेअर बाजारातील व्यवहारखर्चावर लिहिलेल्या शोधनिबंधात, दलालाने मोठी ऑर्डर चांगल्या भावात पुरी केली की नाही हे मोजण्यासाठी दिवसाचा भारित सरासरी भाव ही कसोटी मांडली. एखाद्या फंडाला लाखो शेअर घ्यायचे असतील तर ते एकदम घेतल्यास त्याच्याच खरेदीने भाव चढतो. म्हणून ऑर्डरचे लहान तुकडे करून दिवसभर विभागले जातात आणि शेवटी सरासरी खरेदी त्या दिवसाच्या व्हीवॅपच्या आसपास आली का, हे पाहिले जाते. यावरून काही जण असा समज करून घेतात की संस्था नेमक्या रेषेवरच खरेदीला उभ्या असतात. तसे नसते, त्यांची खरेदी रेषेच्या वरही होते आणि खालीही, कारण सरासरी गाठण्यासाठी प्रत्येक सौदा सरासरीवर व्हावा लागत नाही. रेषा ही हिशेबाची नोंद आहे. तिच्यात भावाला ओढून घेण्याची स्वतःची शक्ती नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका शेअरची रेषा 812 वर होती आणि भाव 806 झाला होता. सरासरीपेक्षा सहा रुपये स्वस्त मिळतो आहे असे वाटून मी खरेदी केली आणि भाव रेषेकडे परत जाईल म्हणून थांबलो. दुपारी बाराच्या सुमारास भाव आणि रेषा यांच्यातले अंतर खरोखरच कमी झाले होते, पण भाव वर गेला नव्हता. मोठ्या उलाढालीसह विक्री चालू राहिल्याने रेषाच खाली सरकत 801 वर आली होती आणि भाव 797 होता. अंतर मिटण्याचे दोन मार्ग असतात हे मला त्या दिवसापर्यंत सुचलेच नव्हते.

पहिली पायरी: आपण योग्य रेषा पाहतो आहोत का, याची खात्री

चार्टवर इंडिकेटर लावताना `VWAP` निवडावे. त्याच यादीत `VWMA` नावाचा दुसरा इंडिकेटर असतो आणि नवखे तोच लावून बसतात. चार्टवर ठरावीक मिनिटांतले भाव दाखवणाऱ्या एकेका उभ्या पट्टीला कॅन्डल म्हणतात. हा इंडिकेटर शेवटच्या ठरावीक कॅन्डलची, उदाहरणार्थ 20 कॅन्डलची, भारित सरासरी दाखवतो आणि दिवसाबरोबर नव्याने सुरू होत नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी की खऱ्या व्हीवॅपची रेषा आदल्या दिवशीच्या शेवटी तुटते आणि सकाळी पहिल्या कॅन्डलजवळ नव्याने सुरू होते, तर दुसरी रेषा अखंड वाहत राहते.

त्यानंतर खरेदी-विक्रीच्या थांबलेल्या ऑर्डर दाखवणारी मार्केट डेप्थची खिडकी उघडून तिथे दिसणारा सरासरी भाव पाहावा. बहुतेक ठिकाणी तो `ATP` किंवा `Avg. Price` या नावाने असतो. हा आकडा प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून काढलेला असतो, तर चार्टवरची रेषा प्रत्येक कॅन्डलचा उच्च, नीचांक आणि बंद भाव यांच्या सरासरीवरून अंदाजाने काढलेली असते. दोन्हींत काही पैशांचा फरक असणे स्वाभाविक आहे. मात्र तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेला तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. बहुधा चार्ट एका एक्स्चेंजचा आणि डेप्थ दुसऱ्या एक्स्चेंजची असते, कारण एनएसई आणि बीएसई यांची उलाढाल वेगळी मोजली जाते आणि त्यामुळे सरासरीही वेगळी येते. ज्या एक्स्चेंजवर ऑर्डर टाकणार, त्याच एक्स्चेंजचा चार्ट असावा.

निफ्टीसारख्या निर्देशांकाचा प्रत्यक्ष सौदा होत नाही, म्हणून त्याला स्वतःची उलाढाल नाही आणि स्वतःचा व्हीवॅपही नाही. तिथे निफ्टी फ्युचर्सच्या चार्टवरची रेषा पाहतात. नवख्याने मात्र सुरुवात भरपूर उलाढालीच्या एका शेअरपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभरात मोजकेच सौदे होणाऱ्या शेअरमध्ये एखादाच मोठा सौदा सरासरीला आपल्याकडे ओढतो, आणि मग ती रेषा अनेकांच्या व्यवहाराची न राहता त्या एका सौद्याची होते.

दुसरी पायरी: एकदा तरी हाताने हिशेब

तयार रेषा पाहण्याआधी हा हिशेब स्वतः एकदा करून पाहावा, कारण त्याशिवाय ही रेषा सकाळी चपळ आणि दुपारी जड का होते, हे कळत नाही. खालील आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक ओळ पंधरा मिनिटांच्या एका कॅन्डलची आहे. प्रातिनिधिक भाव म्हणजे उच्च, नीचांक आणि बंद या तिघांची बेरीज भागिले तीन.

| वेळ | उच्च | नीचांक | बंद | प्रातिनिधिक भाव | शेअर | व्हीवॅप |
|---|---|---|---|---|---|---|
| 9:15–9:30 | 506 | 499 | 504 | 503 | 4,00,000 | 503.00 |
| 9:30–9:45 | 510 | 504 | 507 | 507 | 2,00,000 | 504.33 |
| 9:45–10:00 | 513 | 507 | 510 | 510 | 2,00,000 | 505.75 |
| 10:00–10:15 | 511 | 506 | 507 | 508 | 1,00,000 | 506.00 |
| 10:15–10:30 | 508 | 505.50 | 507.50 | 507 | 1,00,000 | 506.10 |

दुसऱ्या ओळीचा हिशेब असा होतो: 503 गुणिले 4,00,000 आणि 507 गुणिले 2,00,000 यांची बेरीज 30,26,00,000 रुपये, तिला 6,00,000 ने भागले की 504.33. पुढच्या प्रत्येक ओळीत आधीची रक्कम आणि आधीचे शेअर तसेच ठेवून नवी भर घालत जायचे. चौथ्या ओळीपर्यंतच्या प्रातिनिधिक भावांची साधी सरासरी 507 येते, पण व्हीवॅप 506 आहे, कारण सर्वाधिक माल पहिल्या पंधरा मिनिटांत 503 च्या आसपास हातबदल झाला होता. एक्सेलमध्ये करायचे असल्यास ब स्तंभापासून उच्च, नीचांक, बंद आणि शेअर असे क्रमाने भरावे आणि ही दोन सूत्रे खाली ओढावीत:

```
F2: =(B2+C2+D2)/3
G2: =SUMPRODUCT(F$2:F2,E$2:E2)/SUM(E$2:E2)
```

आता रेषेच्या जडपणाचा मुद्दा. साडेदहापर्यंत 10 लाख शेअरचे सौदे झाले आहेत. त्यानंतरच्या कॅन्डलमध्ये रेषेपासून चार रुपये दूर 1 लाख शेअर विकले गेले, तर रेषा सुमारे 36 पैशांनी हलेल. दुपारी अडीचपर्यंत एकूण 30 लाख शेअर झाले असतील, तर तेवढ्याच अंतरावरचे तेवढेच शेअर तिला जेमतेम 13 पैसे हलवतील. म्हणजे दिवस पुढे सरकतो तशी रेषा मागच्या उलाढालीच्या ओझ्याने संथ होत जाते, आणि दुपारनंतर ती चढते आहे की सपाट झाली आहे हे डोळ्यांनी ओळखणे अवघड होते. याच कारणाने ही पद्धत मी सकाळी दहा ते दुपारी एक एवढ्याच वेळेत वापरतो. पहिल्या पाऊण तासात रेषेत पुरेसे सौदेच जमलेले नसतात, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवणे घाईचे होते.

तिसरी पायरी: दिवस कोणत्या जातीचा आहे हे ठरवणे

हीच पायरी नवखे वगळतात, आणि माझ्या मते पैसे इथेच जातात. रेषेजवळ खरेदी करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत.

पहिला प्रश्न रेषेच्या चढाचा. वरच्या तक्त्यात ती 503 पासून 506.10 पर्यंत प्रत्येक ओळीत चढली आहे. याचा अर्थ नवे खरेदीदार आधीच्या सरासरीपेक्षा जास्त पैसे मोजायला तयार आहेत. रेषा चढती असताना भाव तिच्यापर्यंत खाली आला तर ती माघार आहे. रेषा उतरती असताना भाव तिच्याखाली असेल तर ती घसरण आहे, आणि तिथे "स्वस्त" हा शब्द मनात येऊ देऊ नये. माझी 806 ची खरेदी या एकाच कसोटीवर नापास झाली असती.

दुसरा प्रश्न असा की भावाने रेषा किती वेळा ओलांडली. दहा वाजेपर्यंत पाच मिनिटांच्या कॅन्डलचा बंद भाव रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला तीनपेक्षा अधिक वेळा गेला असेल, तर त्या दिवशी खरेदीदार आणि विक्रेते यांच्यात कोणाचाच वरचष्मा नाही. अशा दिवशी रेषा जवळजवळ आडवी असते, भाव तिच्याभोवती हेलकावे खातो, आणि रेषेवर घेतलेली प्रत्येक खरेदी थोड्याच वेळात स्टॉप-लॉसला, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी आधीच ठरवलेल्या विक्रीच्या भावाला, लागते. एका सौद्यात नुकसान लहान असते. पण दिवसात चार वेळा तेच झाले की खर्चासह ते मोठे होते. असा दिवस ओळखला की स्क्रीन बंद करावी. तीन हा आकडा माझ्या वहीतल्या निरीक्षणांतून आलेला आहे, तो नियम नव्हे. आपल्या शेअरसाठी तो कोणी दोन ठेवेल, कोणी चार.

कंपनीचे तिमाही निकाल बाजार चालू असताना येणार असतील, तर त्या शेअरमध्ये ही पद्धत वापरू नये. निकाल येताच आधीचे सगळे सौदे जुन्या माहितीवर झालेले ठरतात, आणि त्यांच्यावरून काढलेली सरासरी नव्या माहितीला लागू पडत नाही.

चौथी पायरी: स्पर्श, प्रतीक्षा आणि प्रवेश

तक्त्यातला दिवस दोन्ही कसोट्यांवर उतरतो: रेषा चढती आहे आणि प्रत्येक कॅन्डलचा बंद भाव तिच्या वरच राहिला आहे. दहापर्यंत 513 ला जाऊन भाव परत फिरला. पाचव्या कॅन्डलमध्ये तो 505.50 पर्यंत आला, म्हणजे रेषेच्या किंचित खालीही गेला, पण बंद झाला 507.50 ला, रेषेच्या वर. आणखी एक गोष्ट पाहावी: उतरताना दर कॅन्डलला 1 लाख शेअर झाले, तर चढताना त्याच्या दुप्पट झाले होते. विक्रीत जोर नाही, याचे हे लक्षण आहे. उतरताना उलाढाल फुगली असती तर मी हा सौदा सोडला असता.

रेषेला भाव टेकला त्या क्षणी खरेदी करू नये. स्पर्श झालेली कॅन्डल पूर्ण होऊ द्यावी, ती रेषेच्या वर बंद झाली आहे हे पाहावे, आणि पुढच्या कॅन्डलमध्ये तिचा उच्च भाव ओलांडला गेला तरच आत जावे. इथे तो उच्च भाव 508 आहे. म्हणून 508.10 ला जागी होणारी आणि 508.30 पेक्षा जास्त भाव न देणारी, म्हणजे 508.10 ट्रिगर आणि 508.30 मर्यादा अशी खरेदीची स्टॉप ऑर्डर लावून ठेवावी, ती 508.20 ला पुरी झाली असे धरू. खरेदी होताच लगेच विक्रीची स्टॉप-लॉस ऑर्डर लावावी. तिची जागा स्पर्श झालेल्या कॅन्डलच्या नीचांकाखाली, म्हणजे 505 ला येते. ती नेमकी रेषेवर ठेवू नये, कारण चढत्या दिवशीही भाव काही पैशांनी रेषेखाली डोकावतो. आपल्या पाचव्या कॅन्डलनेच ते केले आहे. प्रत्येक शेअरमागे जोखीम 3.20 रुपये, आणि लक्ष्य दिवसाचा आधीचा उच्च भाव 513, म्हणजे 4.80 रुपये.

किती शेअर घ्यावेत, हे भांडवलावरून नव्हे, जोखमीवरून ठरवावे. खात्यात 1,00,000 रुपये असतील आणि एका सौद्यात त्याच्या अर्धा टक्का, म्हणजे 500 रुपयांपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नसतील, तर 500 भागिले 3.20, म्हणजे 156. गोल आकड्यात 150 शेअर. त्यांची किंमत 76,230 रुपये होते, म्हणजे उसन्या मार्जिनची गरजच पडत नाही. त्याच दिवशी बंद करायच्या, म्हणजे इंट्राडे सौद्यात ब्रोकरला जास्तीत जास्त पाचपट मर्यादा देता येते, आणि ती सगळी वापरली तर याच पैशांत सुमारे 980 शेअर येतात. मग तेवढ्याच 3.20 रुपयांच्या उताराने 3,100 रुपयांहून अधिक जातात. एका सकाळी भांडवलाचा तीन टक्क्यांहून मोठा तुकडा गेला की माणूस पुढचा सौदा शांतपणे घेऊ शकत नाही.

पुढे काय झाले ते पाहू. साडेदहा ते पावणेअकरा या कॅन्डलचा बंद 509.50, त्यानंतरच्या कॅन्डलचा बंद 511, रेषा तोवर 506.80 वर चढलेली. अकरानंतरच्या कॅन्डलमध्ये भाव 513.50 ला गेला आणि आपली 513 ची विक्री झाली. आता याच क्षणी कोणी "शेअर जोरात आहे" म्हणून 513 ला खरेदी केली असती, तर काय झाले असते? त्याची रेषा सहा रुपयांहून खाली आहे; रेषेखाली स्टॉप ठेवायचा तर त्याची जोखीम आपल्या दुपटीहून अधिक, आणि वर लक्ष्य म्हणून दाखवायला दिवसाचा कोणताही जुना भाव उरलेला नाही. व्हीवॅपचा नवख्याला सर्वांत मोठा उपयोग मला इथेच दिसतो: आपण किती उशिरा आलो आहोत हे ती रुपयांत मोजून दाखवते.

सौदा बिघडत असेल तर तो स्टॉप-लॉस लागण्याआधीही कळू शकतो. खरेदीनंतर लागोपाठ दोन कॅन्डल रेषेखाली बंद झाल्या आणि रेषेचा चढ थांबला, तर खरेदीचे कारणच संपले. 505 ची वाट न पाहता बाहेर पडावे. स्टॉप-लॉस खाली सरकवणे किंवा "सरासरी कमी करू" म्हणून आणखी शेअर घेणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

पाचवी पायरी: खर्च वजा करून उरते किती

कागदावर 4.80 ला 3.20, म्हणजे दीडास एक, हे प्रमाण छान दिसते. आता खर्च धरू. खरेदी-विक्रीच्या प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये दलाली असेल तर 40 रुपये. इंट्राडे विक्रीच्या रकमेवर 0.025 टक्के एसटीटी हा व्यवहार कर, म्हणजे सुमारे 19 रुपये, खरेदीवर 0.003 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे दोन रुपयांच्या आसपास. त्याशिवाय एक्स्चेंजचे शुल्क आणि दलाली व शुल्कावर 18 टक्के जीएसटी. सगळे मिळून 75 रुपये धरावेत. 150 शेअरवर 720 रुपयांचा फायदा मग 645 होतो आणि 480 रुपयांचा तोटा 555 होतो. दीडास एक वाटणारे प्रमाण प्रत्यक्षात 1.16 ला एक निघते, आणि शंभरापैकी किमान 47 सौदे लक्ष्यापर्यंत गेले तरच हातात काही उरते.

स्टॉप-लॉस याहून जवळ असेल तर हा हिशेब आणखी कठीण होतो, कारण तोटा लहान झाला तरी खर्च तेवढाच राहतो. सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की 2022-23 या वर्षात शेअरच्या रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात व्यक्तींना तोटा झाला, आणि तोट्यात असलेल्यांना त्या तोट्याच्या आणखी 57 टक्के इतकी रक्कम सरासरीने व्यवहारखर्चापोटी द्यावी लागली. रेषेभोवती पाच-सहा लहान सौदे करणारा माणूस या दुसऱ्या आकड्यात कसा ओढला जातो, हे वरच्या हिशेबावरून दिसेल.

लक्ष्यही लागले नाही आणि स्टॉप-लॉसही लागला नाही, तर इंट्राडे सौदा स्वतःच बंद करावा. बहुतेक ब्रोकर दुपारी सव्वातीनच्या सुमारास तो आपोआप बंद करतात आणि त्यासाठी काही ठिकाणी वेगळे शुल्क आकारतात. मी तीन वाजण्याची वाटही पाहत नाही.

सहावी पायरी: पैसे घालण्याआधीची वही

शेजारच्या त्या मुलाला मी एकच शेअर निवडायला सांगितला आहे आणि तीस प्रसंग जमेपर्यंत एकही ऑर्डर न टाकण्याचे त्याने कबूल केले आहे. रोज संध्याकाळी तो त्या दिवसाचा पंधरा मिनिटांचा चार्ट उघडतो आणि वरच्या कसोट्यांवर उतरलेली माघार दिसली तर नोंद करतो: तारीख, स्पर्शाची वेळ, त्या वेळची रेषा आणि तिचा चढ, दहापर्यंत रेषा किती वेळा ओलांडली गेली, प्रवेशाचा भाव, स्टॉप-लॉस, लक्ष्य आणि आधी काय लागले. संध्याकाळी पूर्ण चार्ट पाहताना शेवट आधीच माहीत असतो, म्हणून तो उजवीकडचा भाग कागदाने झाकून एकेक कॅन्डल पुढे सरकवतो. तसे न केल्यास हात आपोआप फायद्याचे प्रसंगच निवडतो.

दर दिवशी असा प्रसंग मिळतोच असे नाही, त्यामुळे तीस नोंदींना दोन महिने सहज लागतात. त्या पूर्ण झाल्यावर आधी लक्ष्य लागलेल्या नोंदी मोजायच्या. पंधरा किंवा अधिक असतील तर पुढचे तीस प्रसंग प्रत्येकी दहा-वीस शेअर घेऊन खऱ्या ऑर्डरने करायचे, तेही प्रवेशाचा भाव कागदावरच्या भावापेक्षा किती पैशांनी वेगळा पडतो हे पाहण्यासाठी. इतक्या कमी शेअरवर दलालीच फायदा खाते, म्हणून त्या सौद्यांचा नफा-तोटा मोजणीत धरायचा नाही. चौदा किंवा त्याहून कमी असतील तर त्या शेअरमध्ये ही पद्धत खर्च जेमतेम भरून काढते किंवा तेवढेही करत नाही, आणि वहीचे पुढचे पान दुसऱ्या शेअरच्या नावाने सुरू करायचे.